अगं, माझं अजून संपलं नाही

समजा दोन मैत्रिणी आहेत, वर्षा आणि शुभांगी. दोघी पन्नाशीच्या, कॉलेजपासूनच्या. एक ठाण्याला, दुसरी पुण्याला. भेट वर्षातून दोन-तीनदाच होते, पण फोन आठवड्याला ठरलेला. वर्षाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि आईला आदल्या दिवशी घरी आणलंय. वर्षा फोन करते.

"आईला काल घरी आणलं गं. रात्रभर झोपली नाही ती, आणि मी पण. मला आता असं वाटायला लागलंय की..."

"अगं, गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे विचारूच नकोस! आमच्या सासूबाईंचं झालं ना, तेव्हा मी महिनाभर हॉलमध्ये सोफ्यावर झोपत होते. आणि तो फिजिओथेरपीवाला! काय एकेक नग भेटतात."

"हो का?"

"हो ना! सांगते तुला काय झालं ते..."

पुढची वीस मिनिटं फिजिओथेरपीवाला, मग शुभांगीचे दीर, मग दिरांच्या मुलीचं लग्न. शेवटी शुभांगी म्हणते, "चल, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आईंना जप हं. आणि तूही जप." फोन बंद. वर्षाला सांगायचं होतं ते असं, की नाशिकच्या भावाने या महिन्यात यायला जमणार नाही असं कळवलंय, आणि हे सगळं एकटीने आपल्याला झेपणार नाही अशी भीती तिला पहिल्यांदाच वाटली आहे. ते वाक्य "वाटायला लागलंय की" वरच अडलं.

शुभांगी दुष्ट नाही. उद्या वर्षाला रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये जावं लागलं, तर पुण्याहून पहिली गाडी पकडून येणारी तीच असेल. म्हणून तर हा प्रश्न अवघड आहे. वाईट वागणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे आपल्याला कळतं. जिवाला जीव देणाऱ्या मैत्रिणीला "तू माझं ऐकत नाहीस" हे कसं सांगायचं, ते कळत नाही. बहुतेक जणी सांगतच नाहीत. फोन उचलायचा कंटाळा करू लागतात, "नंतर करते" म्हणतात, आणि तीस वर्षांची मैत्री वाढदिवसाच्या मेसेजवर येऊन थांबते. माझं म्हणणं एवढंच, की इथपर्यंत यायच्या आधी एक नेमकी गोष्ट मागता येते, आणि ती मागण्याची रीत आहे.

आधी नेमकं काय घडतं ते पाहू. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी रोजच्या गप्पांमध्ये लक्ष कोणाकडे आणि कसं वळतं याचा अभ्यास करून 1979 मध्ये 'द परस्यूट ऑफ अटेन्शन' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या मांडणीत समोरच्याच्या बोलण्याला द्यायच्या प्रतिसादाचे दोन प्रकार आहेत. एक आधार देणारा, म्हणजे बोलणाऱ्याचा विषय बोलणाऱ्याकडेच ठेवणारा. "रात्रभर झोपल्या नाहीत? दुखत होतं का त्यांना?" दुसरा वळवणारा, म्हणजे विषय स्वतःकडे नेणारा. "आमच्या सासूबाईंचं झालं तेव्हा..." शुभांगीने काय पकडलं, ते पाहा. वर्षाच्या वाक्यातली महत्त्वाची गोष्ट शेवटी होती, "मला आता असं वाटायला लागलंय". शुभांगीच्या कानाने घेतला तो 'गुडघा'. असं वळवणारी व्यक्ती बहुधा आपल्या वाक्यातला एखादा शब्द उचलते, ज्याला तिच्याकडे एखादी गोष्ट जोडलेली आहे. त्यामुळे वरवर पाहता विषय बदललेला वाटतच नाही. गुडघ्याबद्दलच तर चाललंय! म्हणून त्या क्षणी हरकत घेणंही जड जातं.

डर्बर यांनी याचं एक शांत रूपही दाखवलंय, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. यात मैत्रीण मध्ये तोंड घालत नाही. ती फक्त प्रश्न विचारत नाही. आपण दोन वाक्यं बोलतो, ती "हं" म्हणते. आपण आणखी एक वाक्य बोलतो, ती पुन्हा "हं". विचारणाऱ्या माणसाशिवाय विषय फार काळ तग धरत नाही. तो आपोआप विझतो, मग थोडी शांतता होते आणि त्या शांततेत ती तिचं काहीतरी सुरू करते. अशा मैत्रिणीला दोष देणं आणखी अवघड, कारण तिने तर आपल्याला एकदाही तोडलेलं नसतं.

मात्र वळवणारा प्रतिसाद प्रत्येक वेळी चूक नसतो. आपल्याकडे "माझंही अगदी असंच झालं होतं" ही दिलासा देण्याची जुनी पद्धत आहे. त्यातून "तू एकटी नाहीस" हेच सांगायचं असतं. त्यामुळे शुभांगीला विचारलं, तर ती मनापासून म्हणेल, "मी तिला धीरच देत होते." परीक्षा पुढे आहे. तिची गोष्ट सांगून झाल्यावर चेंडू परत येतो का? "आमच्या सासूबाईंना पहिले चार दिवस असाच त्रास झाला. आईंचं कसं आहे, फार दुखतंय का?" इथे सासूबाई आल्या आणि गेल्या, विषय आईचाच राहिला. चेंडू परत येत असेल तर तक्रारीला जागा नाही, मग मधली गोष्ट दहा मिनिटं का चालेना. तो कधीच परत येत नसेल, आठवड्यामागून आठवडे येत नसेल, तर बोलायची वेळ आली आहे.

तोडणं आणि न ऐकणं याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी 1978 मध्ये एका सणाच्या जेवणावळीतलं संभाषण ध्वनिमुद्रित करून त्याचा बारकाईने अभ्यास केला. जेवायला बसलेल्यांपैकी न्यूयॉर्कच्या माणसांना एकाच्या बोलण्यात दुसऱ्याने बोलणं हे आपुलकीचं, रस असल्याचं लक्षण वाटत होतं. बाकीच्यांना तीच गोष्ट धक्का मारून बाजूला सारल्यासारखी वाटत होती. आपल्या घरांमध्येही हा फरक असतो. काही घरांत जेवताना चारजण एकदम बोलतात आणि तरी सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. काही घरांत दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतात. त्यामुळे मैत्रीण मध्येच बोलते एवढ्यावरून तिला माप लावू नये. मध्ये बोलून ती आपल्याच विषयात आणखी खोल जात असेल, तर ती छान ऐकते आहे.

आणखी दोन-तीन शक्यता आधीच तपासून घ्याव्यात. ती सध्या एखाद्या मोठ्या दुःखातून जात असेल, घरात मृत्यू झाला असेल किंवा घटस्फोटाची केस चालू असेल, तर काही महिने बोलणं तिच्याचभोवती फिरणार. तो हिशेब तेव्हा मांडायचा नसतो. साठीच्या पुढच्या मैत्रिणीच्या बाबतीत कानांचा विचार जरूर करावा. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ऐकण्यापेक्षा बोलणं सोपं जातं, कारण स्वतः बोलत असताना समोरचा काय म्हणाला ते ओळखावं लागत नाही. फोनवर, हॉटेलच्या गोंगाटात ती जास्त बोलत असेल आणि घरी समोरासमोर बसल्यावर नीट ऐकत असेल, तर रागावण्याआधी कान तपासायला सुचवावं.

आता वर्षाकडे वळू. तिला दोष द्यायचा नाही, पण तिच्या हातात काय आहे ते पाहायला हवं. 1974 मध्ये हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तीन अभ्यासकांनी संभाषणात बोलण्याची पाळी कशी फिरते यावर एक लेख लिहिला. या विषयाचा तो पाया मानला जातो. त्यांनी दाखवलं, की साध्या गप्पांनाही न शिकवता पाळले जाणारे नियम असतात. वाक्य जिथे पुरं होण्यासारखं होतं तिथे पाळी बदलू शकते. बोलणाऱ्याने प्रश्न विचारून दुसऱ्याला निवडलं, तर त्याने बोलायचं. कोणाला निवडलं नाही, तर जो आधी सुरुवात करेल त्याची पाळी. कोणीच सुरुवात केली नाही, तर बोलणारा पुढे चालू ठेवू शकतो. यातून वर्षाच्या फोनबद्दल दोन गोष्टी कळतात.

पहिली म्हणजे "हो का?" हा शब्द. वर्षाला वाटतं, आपण सभ्यपणे ऐकून घेतोय, संधी मिळाली की आपलं सांगू. पण "हो का?", "मग?", "काय सांगतेस!" यांचा संभाषणातला अर्थ "पुढे बोल" असा आहे. वर्षा पाळीची वाट पाहते आहे आणि दर मिनिटाला ती शुभांगीच्या हातात परत देते आहे. "जाऊ दे माझं, तू सांग" हे वाक्य तर त्याहून पुढचं. आपल्या पिढीच्या बायकांच्या तोंडात ते इतकं बसलंय, की स्वतःचं काही सुरू केल्यावर तिसऱ्या वाक्याला ते बाहेर पडतंच. समोरची मैत्रीण ते शब्दशः घेते. त्यात तिची काय चूक?

दुसरी गोष्ट लांबीची. एका वाक्याची पाळी सहज मिळते, पण भावाचं वागणं, आईची रात्र आणि स्वतःची भीती हे एका वाक्यात मावणारं नाही. वाक्यामागून वाक्य बोलायचं असेल, तर ती जागा आधी मागून घ्यावी लागते. चांगले गोष्ट सांगणारे हे करतातच: "अगं, काल काय झालं, ऐक." हे म्हटल्यावर ऐकणाऱ्याला कळतं, की आता थोडा वेळ हिचं चालणार आणि गोष्ट संपेपर्यंत थांबायचं. वर्षाने थेट "आईला काल घरी आणलं" असं सुरू केलं. ती बातमी होती, आणि बातमीवर आपली बातमी सांगणं शुभांगीला स्वाभाविक वाटलं.

म्हणून मैत्रिणीशी मोठं बोलणं करण्याआधी दोन-तीन फोनमध्ये एवढंच करून पाहावं. सुरुवातीलाच म्हणावं, "शुभा, मला दहा मिनिटं आईबद्दल बोलायचंय. सल्ला नको, नुसतं ऐक. मग तुझं सांग." तिने मध्येच गुडघा पकडला, तर "हो का?" म्हणायच्या ऐवजी "थांब गं, माझं अजून संपलं नाही" म्हणावं. स्वर नेहमीचाच ठेवावा, त्यात टोमणा नको. आणि हे लगेच म्हणावं, ती तिच्या गोष्टीत चार वाक्यं आत गेल्यावर म्हटलं तर ते तोडणं होतं. काही मैत्रिणी एवढ्यानेच बदलतात. त्यांना कोणी थांबवलंच नव्हतं, आणि थांबवल्याबद्दल त्यांना काही वाटतही नाही.

पण दर वेळी दार अडवूनच आत शिरावं लागत असेल, आणि आपण स्वतःहून काढल्याशिवाय आपला विषय कधी निघतच नसेल, तर मग बोलायला हवं. इथे बहुतेक जणी ज्या वाक्याने सुरुवात करतात ते म्हणजे, "तू कायम स्वतःबद्दलच बोलतेस." हे वाक्य मनात वर्षानुवर्षं पिकलेलं असतं, त्यामुळे ते जोरात बाहेर पडतं. त्याचा उपयोग होत नाही आणि त्याचं कारण साधं आहे. ते वाक्य शुभांगीच्या स्वभावावरचा निकाल आहे. निकालावर माणूस दोनच गोष्टी करू शकतो, अपील करायचं किंवा मान खाली घालायची. अपील म्हणजे, "असं कसं? परवा नाही का मी तुझ्या मुलाच्या ऍडमिशनबद्दल विचारलं?" आणि तिने खरंच विचारलेलं असतं. 'कायम' हा शब्द खोटा ठरला, की सगळी तक्रारच खोटी ठरते. 'नेहमी', 'कधीच', 'फक्त' हे शब्द म्हणून बाजूला ठेवावेत. तसंच "आपल्या ग्रुपमध्ये सगळ्याच म्हणतात" हेही. त्या एका वाक्याने मैत्रीण एका माणसाशी बोलायच्या ऐवजी पाठीमागे बोलणाऱ्या दहाजणींशी लढायला लागते.

शॅरन बॉवर आणि गॉर्डन बॉवर या दांपत्याने 1976 मध्ये 'असर्टिंग युवरसेल्फ' या पुस्तकात अशा बोलण्यासाठी चार पायऱ्यांचा एक आराखडा दिला. तो आजही समुपदेशक शिकवतात. जे घडलं ते कॅमेऱ्याला दिसेल तसं सांगायचं, आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, नेमकं काय हवंय ते मागायचं, आणि तसं झालं तर काय होईल ते सांगायचं. यातली तिसरी पायरी आपल्याकडे सर्वात जास्त गळते. आपण दुःख सांगतो, मागत नाही. "मला वाईट वाटलं गं" इथे थांबतो आणि पुढचं तिने ओळखावं अशी अपेक्षा धरतो. पण न विचारणं हीच जिची अडचण आहे, तिने न सांगितलेलं ओळखावं कसं?

काय मागायचं? "जास्त ऐकत जा" हे मागणं ढोबळ आहे. ऐकलं की नाही हे तिलाही मोजता येत नाही. माझ्या मते मागायची गोष्ट एकच आणि अगदी लहान असावी: मी काही सांगितलं, की तुझी गोष्ट सुरू करण्याआधी मला त्याबद्दल एक प्रश्न विचार. एका प्रश्नाने डर्बर यांचा वळवणारा प्रतिसाद आधार देणारा होतो. शुभांगीला तिच्या गोष्टी बंद कराव्या लागत नाहीत, फक्त पुढे ढकलाव्या लागतात. केलं की नाही ते दोघींनाही त्या क्षणी कळतं.

हे व्हॉट्सऍपवर लिहू नये. लिहिलेलं वाक्य ती पाच वेळा वाचेल आणि दर वेळी ते जास्त कडक वाटेल. तिने नुकतंच आपल्याला तोडलं असेल, तेव्हाही नको, कारण तेव्हा आवाजात राग असतो. भेट होणार असेल तर चालता चालता बोलावं. शेजारी शेजारी चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही.

समजा वर्षा पुण्याला आली आहे आणि दोघी तळजाईवर फिरायला गेल्या आहेत.

"शुभा, तुला एक सांगायचंय. जरा अवघड आहे, पण तुलाच सांगू शकते. आईला घरी आणलं त्या दिवशी मी फोन केला होता, आठवतं? मी आईचं सांगायला लागले आणि मग बोलणं तुझ्या सासूबाईंवर गेलं, ते तिथेच राहिलं. मला तुला सांगायचं होतं की दादा येणार नाहीये आणि मला एकटीला भीती वाटतेय. ते राहूनच गेलं. फोन ठेवल्यावर मला फार एकटं वाटलं. तुझ्याशी बोलून असं वाटायला नको, म्हणून सांगतेय. मी काही सांगितलं ना, की तुझं सांगायच्या आधी मला त्याबद्दल एक तरी विचारत जा. तू विचारलंस की मला पुढचं बोलता येतं."

यात एकच प्रसंग आहे, त्याची खूण पटते, 'तू अशी आहेस' हे कुठेही नाही. आणि चौथी पायरीही आली: विचारलंस की मला बोलता येतं. तीस वर्षांचे हिशेब मांडायचा मोह होईल, पण एकाहून जास्त प्रसंग काढले की वाद प्रत्येक प्रसंगाच्या तपशिलावर सुरू होतो.

आता शुभांगी काय म्हणेल? पहिली शक्यता बचावाची. "अगं, मी तर तुला धीर द्यायला सांगत होते!" यावर वाद घालायचा नाही, कारण ते खरं आहे. "माहितीये गं मला. तुझा हेतू तोच होता. तरी पण विचारशील का?" मागणी पुन्हा तेवढीच ठेवायची, मोठी करायची नाही.

दुसरी शक्यता मऊ दिसते आणि जास्त फसवी आहे. शुभांगीचे डोळे भरतात. "खरंच, मी किती वाईट आहे. माझी जाऊ पण हेच म्हणते. लहानपणापासून आमच्या घरी माझं कोणी ऐकूनच घेतलं नाही, त्यामुळे मला ना..." आणि वर्षा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "नाही गं, तू कुठे वाईट? जाऊ दे, विसर ते." बोलणं पुन्हा शुभांगीवर आलं. समजूत काढता काढता मागणी मागे घेतली गेली. शुभांगीने हे मुद्दाम केलेलं नाही, आणि ती लहानपणाचं सांगते तेही खरं असू शकेल. तरी त्या वेळी वर्षाने एवढंच म्हणायला हवं: "तू वाईट नाहीस. वाईट असतीस तर मी सांगितलंच नसतं. तुझ्या लहानपणाबद्दल मला ऐकायचंय, आपण बोलू. पण आज मला दादाबद्दल सांगू दे." आणि लगेच सांगायला लागायचं. मागणी तिथल्या तिथे वापरून दाखवणं हा तिचा सर्वात सोपा खुलासा असतो.

तिसरी शक्यता गप्प होण्याची. ती दुखावते, घरी जाईपर्यंत दुसरंच काहीतरी बोलते, दोन आठवडे फोन करत नाही. हे झालं म्हणजे सांगणं चुकलं असं नव्हे. ऐकताना लाज वाटलेल्या माणसाला थोडा वेळ लागतो. दोन आठवड्यांनी आपण फोन करावा आणि तो विषय न काढता नेहमीसारखं बोलावं, म्हणजे तिला कळेल की मैत्री पणाला लावलेली नव्हती.

सगळं नीट पार पडलं, तरी पुढचे काही फोन विचित्र होतील. शुभांगी प्रयत्न करेल आणि तो प्रयत्न दिसेल. "बरं, आईंचं काय म्हणतंस? दादा आला का? तुला कसं वाटतंय?" असे तीन प्रश्न एकापाठोपाठ, परीक्षेला बसल्यासारखे. तेव्हा ते खोटं वाटतं आणि आपण "ठीक आहे सगळं" म्हणून मोकळ्या होतो. तसं करू नये. तिने जागा दिली आणि आपण ती घेतली नाही, तर तिला वाटेल की हिला बोलायचं नव्हतंच. शुभांगीने विचारलं "दादा आला का?", तर वर्षाने उत्तर भरून द्यावं: नाही आला, काय म्हणाला, तिने काय उत्तर दिलं, रात्री जागी असताना तिच्या मनात काय आलं. शुभांगीला प्रश्नाचं फळ दिसलं, तर पुढचा प्रश्न तिला आपसूक सुचेल. आणि चांगलं जमलेल्या दिवशी तसं सांगावंही, पण नेमकं. "परवा तू दादाचं विचारलंस ना, त्यानंतर मला झोप लागली" हे "हल्ली तू किती छान ऐकतेस" यापेक्षा चांगलं, कारण दुसऱ्या वाक्यात जुन्या वागण्यावरचा शेरा लपलेला असतो.

जुनी सवय परत डोकं वर काढेल, बहुधा शुभांगीवर काही ताण असेल तेव्हा. त्यामागचं एक कारण शरीरातच आहे. हार्वर्डच्या डायना तामीर आणि जेसन मिचेल यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना स्वतःबद्दलच्या किंवा दुसऱ्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं देण्याची निवड होती. स्वतःबद्दल सांगताना मेंदूतले, सुखद गोष्टी मिळाल्यावर जागे होणारे भाग जास्त सक्रिय झाले, आणि स्वतःबद्दल बोलता यावं म्हणून लोकांनी थोडे पैसेही सोडले. थकलेला, वैतागलेला माणूस त्या सुखाकडे आधी धावतो. म्हणून दोघींनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवला, तर पुन्हा सगळं बोलणं करावं लागत नाही. वर्षाने नुसतं "शुभा, प्रश्न!" म्हटलं तरी पुरे. तो शब्द शुभांगीनेच सुचवला असेल, तर तो तिला टोचणार नाही.

देवाणघेवाण म्हणजे मिनिटांची समान वाटणी हा गैरसमजही काढून टाकायला हवा. एखादा फोन सगळाच वर्षाचा असेल, पुढचे तीन शुभांगीचे. शुभांगी मुळातच जास्त बोलकी आहे, तिचे किस्से रंगतात, आणि वर्षाला ते ऐकायला आवडतात, म्हणूनच तर ही मैत्री इतकी टिकली. मागायचं ते एवढंच, की वर्षाला खरोखर काही सांगायचं असेल त्या दिवशी जागा मिळावी.

आणि नाही मिळाली तर? दोनदा, वेगवेगळ्या वेळी, इतक्या स्पष्टपणे मागूनही सहा महिन्यांत एकही प्रश्न आला नाही, तर तिसऱ्यांदा मागण्यात अर्थ नाही. काही माणसांना हे जमत नाही, आणि ते का जमत नाही हे शोधणं मैत्रिणीचं काम नव्हे. मग वर्षाने ठरवावं, की शुभांगीकडे कोणत्या गोष्टी न्यायच्या. नाटकाला जायला, साडी निवडायला, दवाखान्यात सोबतीला शुभांगीसारखी दुसरी नाही. रात्रीची भीती सांगायला वर्षाकडे आणखी कोणीतरी हवं: मामेबहीण, सोसायटीतली शेजारीण, किंवा तोच भाऊ, ज्याला "तू येत नाहीस" यापलीकडे अजून काहीच सांगितलेलं नाही. फोनही आठवड्याऐवजी पंधरवड्याला केला तरी चालेल, आणि तो वीस मिनिटांनी स्वतःहून संपवावा, "आईला औषध द्यायचंय" असं सरळ सांगून.